धुळ्याचा डबा कुठे लागतो? जंक्शनवर तुटणाऱ्या डब्यातून प्रवास करणाऱ्या नवख्यांसाठी

चाळीसगाव ते धुळे हा रेल्वेचा फाटा साधारण सत्तावन्न किलोमीटरचा. भोरस, जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर अशी छोटी स्टेशनं घेत गाडी धुळ्याला पोचते आणि तिथे रूळ संपतो. या फाट्यावर मुंबईहून थेट यायचं तर कित्येक वर्षं एक युक्ती होती. अमृतसर एक्स्प्रेसला धुळ्याचे डबे लागायचे. रात्री उशिरा मुंबई सोडलेली गाडी पहाटे चाळीसगावला यायची, धुळ्याचे डबे तिथेच तुटायचे, अमृतसर भुसावळच्या दिशेने निघून जायची आणि हे डबे सकाळच्या धुळे पॅसेंजरला लागायचे. प्रवासी झोपेतच एका गाडीतून दुसऱ्या गाडीत गेलेला असायचा.

आता धुळ्याचे डबे अमृतसरला लागत नाहीत. फाट्यावर २०२१ च्या अखेरीस मेमू आली आणि २०२३ पासून धुळे-मुंबई स्वतंत्र गाडी धावू लागली. तरीही हा लेख धुळ्याच्या डब्याचंच उदाहरण धरून लिहितोय, कारण खानदेशातल्या जुन्या माणसांना ते तोंडपाठ आहे. परप्रांतात नोकरीला किंवा यात्रेला जाताना असा तुटणारा डबा तुमच्या वाट्याला आला, तर तिथेही कृती तीच करायची असते. रेल्वेचे लोक याला स्लिप कोच किंवा थ्रू कोच म्हणतात. आपल्याकडे नुसतं ‘धुळ्याचा डबा’ म्हटलं की पुरायचं.

तिकीट काढताना

सगळ्यात आधी डोक्यात हे पक्कं करायचं की अशा प्रवासात तुमची गाडी बदलते, डबा बदलत नाही. म्हणून तिकिटावर गाडीच्या नावापेक्षा डब्याला महत्त्व.

आरक्षण करताना शेवटचं स्टेशन धुळेच टाकायचं, चाळीसगाव नाही. तुटणाऱ्या डब्यांना आरक्षणाच्या यंत्रणेत बहुधा वेगळा गाडी क्रमांक असतो. प्लॅटफॉर्मवर उभी दिसते ती गाडी एकच, पण तिच्यात दोन क्रमांकांचे प्रवासी बसलेले असतात. चाळीसगावपर्यंतचं तिकीट मूळ गाडीच्या क्रमांकावर काढलं तर तुम्हाला अमृतसरच्या डब्यात जागा मिळणार, आणि पहाटे सामानसुमान घेऊन उतरून पॅसेंजर पकडावी लागणार. प्रवास तसाही होतो, पण मग थेट डब्याचा उपयोग काय?

दुसरी गोष्ट प्रतीक्षा यादीची. मूळ गाडीला स्लीपरचे आठ-दहा डबे असतील, तुटणारा एखादाच असतो. जुन्या निळ्या पद्धतीच्या, म्हणजे आयसीएफ बनावटीच्या स्लीपर डब्यात बहात्तर बर्थ. त्यातून निरनिराळे कोटे गेले की उरतात थोडे. त्यामुळे मूळ गाडीत जागा रिकाम्या दिसतात आणि तुमचं तिकीट मात्र वेटिंगवर, असं होऊ शकतं. यात घोळ काही नाही, दोन्हींचा हिशोब वेगळा असतो. दिवाळीत आणि लग्नसराईत जायचं असेल तर हे तिकीट मूळ गाडीच्या तिकिटापेक्षा आधी काढावं लागतं, कारण त्या एका डब्यावर अख्ख्या जिल्ह्याची नजर असते.

तिकीट हातात आलं की दोन क्रमांक लिहून ठेवा. एक तिकिटावरचा. दुसरा, जंक्शनच्या पुढे डबा ज्या गाडीला लागणार तिचा. मूळ गाडीचा क्रमांक या दोन्हींहून निराळा असेल तर तिसराही. मोबाइलवर गाडी कुठे पोचली ते पाहताना जंक्शनपर्यंत मूळ गाडी पाहायची आणि त्यापुढे फाट्यावरची. घरची माणसं मूळ गाडीचाच क्रमांक टाकून बसतात आणि ‘तू भुसावळला कसा काय पोचलास?’ असा फोन करतात.

डबा शोधायचा कसा

तुटणारा डबा गाडीच्या मधोमध लावत नाहीत. तो एका टोकाला असतो, अगदी इंजिनाच्या मागे किंवा अगदी शेवटी. कारण साधं आहे. मधला डबा काढायचा तर गाडी दोनदा तोडावी आणि पुन्हा जोडावी लागेल. टोकाचा डबा एका ठिकाणी सोडवला की झालं. म्हणून नवख्या माणसाने प्लॅटफॉर्मच्या मध्यावर उभं राहून ‘बघू आल्यावर’ म्हणू नये. वीस-बावीस डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरएवढी लांब असते आणि छोट्या स्टेशनवर ती दोन मिनिटं थांबते.

स्टेशनच्या इंडिकेटरवर डब्यांचा क्रम दाखवतात, तो बघा. इंडिकेटर नसेल तर हमालाला किंवा चहावाल्याला विचारा. त्यांचा धंदाच डबा कुठे लागतो यावर चालतो, त्यामुळे त्यांचं उत्तर सहसा चुकत नाही. चाळीसगावला कुणी ‘धुळाना डबा कोठे शे भो?’ असं विचारलं की त्याला बोट दाखवायला चार माणसं पुढे यायची.

गाडी लागली की तीन खुणा पाहायच्या, आणि त्याही याच क्रमाने.

पहिली, डब्याच्या अंगावरची पाटी. अमृतसरच्या बाकी डब्यांवर मुंबई–अमृतसर असायचं आणि या डब्यावर मुंबई–धुळे. हीच पाटी तुमच्या कामाची. गाडीचं नाव बरोबर आहे म्हणून कुठल्याही डब्यात चढू नका.

दुसरी, दाराजवळचा डब्याचा संकेत, म्हणजे एस-१ वगैरे. इथे घोटाळ्याला जागा आहे. काही ठिकाणी तुटणाऱ्या डब्यांना वेगळी अक्षरं देतात, तर काही ठिकाणी त्या डब्यालाही एस-१ आणि मूळ गाडीतल्या डब्यालाही एस-१. बर्थ क्रमांकही सारखाच निघाला तर दोन कुटुंबं एकाच जागेवर हक्क सांगत उभी राहतात. अशा वेळी आवाज चढवायच्या आधी दोघांच्या तिकिटावरचा गाडी क्रमांक ताडून पाहावा. भांडण तिथेच मिटतं.

तिसरी खूण फारसं कुणी पाहत नाही, पण मला तीच सगळ्यात खात्रीची वाटते. डब्याच्या बाजूला रंगाने लिहिलेला त्याचा स्वतःचा क्रमांक असतो, पाच किंवा सहा आकडी. जुन्या पाच आकडी पद्धतीत पहिले दोन आकडे डबा कोणत्या वर्षी बांधला ते सांगतात आणि पुढचे तीन त्याचा प्रकार. ०४२२१ असं लिहिलं असेल तर डबा २००४ चा, आणि २२१ हा स्लीपरच्या क्रमांकांत मोडणारा. पाटी पडते, दारावरचा कागद पावसात गळतो, गाडीचा क्रमांक जंक्शनवर बदलतो. हा आकडा मात्र तोच राहतो. चढण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. उपयोग पुढे कळेल.

एकदा चढलात की ‘आतून पुढे जाऊ’ हा विचार सोडून द्या. तुटणारा डबा आणि मूळ गाडीचे डबे यांच्यामध्ये बऱ्याचदा सामानाचा आणि गार्डचा डबा असतो, आणि त्यातून प्रवाशांना ये-जा करता येत नाही. भलत्याच डब्यात चढलात तर पुढच्या मोठ्या स्टेशनवर उतरून प्लॅटफॉर्मवरूनच चालत यावं लागेल. मुंबईहून येताना त्यासाठी नाशिक रोड किंवा मनमाड. चाळीसगावच्या आधी हे उरकलं पाहिजे. जेवणाचंही तेच. पॅन्ट्रीवाला असला तरी टोकाच्या या डब्यापर्यंत पोचत नाही, तेव्हा पाण्याची बाटली आणि भाकरी-चटणी घरूनच घेतलेली बरी.

जंक्शनवर नेमकं काय घडतं

नवख्या माणसाला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याच अर्ध्या-पाऊण तासाची, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगतो.

पहिलं म्हणजे डबा चालत्या गाडीतून सुटत नाही. इंग्लंडमध्ये एके काळी तसं करत. गाडी न थांबता शेवटचा डबा सोडून पुढे निघून जायची, आणि डब्यातला गार्ड ब्रेक लावून तो स्टेशनात थांबवायचा. १९६० मध्ये तेही बंद झालं. आपल्याकडे गाडी पूर्ण उभी राहिल्यावरच काम सुरू होतं.

गाडी थांबली की पॉइंट्समन दोन डब्यांच्या मधल्या जागेत उतरतो. डब्यांना जोडणाऱ्या हवेच्या रबरी नळ्या असतात. एकीने ब्रेक चालतात, दुसरीने हवेचा पुरवठा होतो. दोन्हीकडचे कॉक आधी बंद केले जातात, मग नळ्या सोडवतात. तेव्हा फुस्स असा मोठा आवाज होतो. ती नळीत अडकलेली हवा, घाबरायचं कारण नाही. त्यानंतर तो मधला स्क्रू फिरवून सैल करतो आणि कडी आकड्यावरून काढतो. हे झालं की डबे वेगळे झाले. डबे शेवटी असतील तर मूळ गाडी पुढे निघून जाते आणि तुमचा डबा एकटाच प्लॅटफॉर्मवर उभा राहतो. खिडकीतून आपली गाडी आपल्याला सोडून जाताना दिसते. पहिल्यांदा हे पाहणारे लोक सामान उचलून दाराकडे धावतात. धावू नका. तुम्ही जिथे असायला हवं तिथेच आहात.

यानंतर शंटिंगचं इंजिन येतं. डब्याला हलका धक्का बसतो, डबा मागे-पुढे होतो, रूळ बदलतो आणि पॅसेंजरला जाऊन लागतो. वरच्या बर्थवर कुणी लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर या वेळी त्यांना खाली बसवा, आणि गरम चहाचा कप हातात धरून उभे राहू नका. डबा जोडल्यावर पुन्हा नळ्या जोडतात, कॉक उघडतात आणि हवा शेवटच्या डब्यापर्यंत पोचली का ते तपासतात. इंजिनाकडे ब्रेकच्या नळीतला दाब पाच किलो दिसावा लागतो आणि शेवटी गार्डकडे जवळपास तेवढाच. तो भरेपर्यंत गाडी सुटत नाही. ‘डबा लागला, तरी का थांबलीय?’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा हेच असतं. गाडीच्या शेवटच्या डब्यावरची ‘एलव्ही’ची पाटी आणि मागचा लाल दिवाही या अदलाबदलीत नव्याने लावावा लागतो, नाहीतर पुढच्या स्टेशनवर गाडी पूर्ण आली की अर्धी मागे राहिली हे कळणार नाही.

दिव्या-पंख्यांचं काय? आयसीएफ डब्याच्या चाकाशी वीज तयार करणारं यंत्र आणि खाली बॅटऱ्या असतात, त्यामुळे इंजिनापासून सुटला तरी त्याचे दिवे काही काळ चालतात. बॅटऱ्या जुन्या असतील तर मंदावतात. आताच्या लाल एलएचबी डब्यांचं तसं नाही. त्यांना वीज इंजिनातून किंवा जनरेटरच्या डब्यातून मिळते. असा डबा गाडीपासून तोडला की आपत्कालीन दिव्यांपलीकडे काही उरत नाही. शिवाय एलएचबीची जोडणी वेगळ्या बनावटीची असल्याने तो जुन्या डब्याला सरळ लावता येत नाही. मेमू तर स्वतःच्या मोटारवर धावणारा संचच, त्याच्या शेपटीला एखादा स्लीपर डबा बांधून न्यायची रीत नाही. मूळ गाडी एका बनावटीची आणि फाट्यावरची दुसऱ्या बनावटीची असली की थेट डब्याची सोय मुळातच अवघड होते, हे यावरून लक्षात येईल.

उतरायचं की नाही

शंटिंग चालू असताना उतरू नये, हे माझं स्पष्ट मत. चहा प्यायला उतरलेला माणूस परत येतो तेव्हा डबा त्या जागी नसतो. प्लॅटफॉर्म मोकळा, मोबाइल बर्थवर चार्जिंगला, बायको-मुलं डब्यात. घडायचं ते असं.

उतरायचंच असेल तर डबा दुसऱ्या गाडीला लागून नळ्या जोडून झाल्यावर उतरा, आणि तेही दाराच्या समोरच थांबा. उतरलात आणि डबा हलला तर त्याच्यामागे रुळांवरून धावू नका. तो सहसा स्टेशनच्या आवारातच फिरत असतो. स्टेशन मास्तरच्या कार्यालयात किंवा समोर दिसेल त्या पॉइंट्समनला विचारा, ‘धुळ्याचे डबे कोणत्या प्लॅटफॉर्मला लावताय?’ मघाशी काढलेला फोटो इथे कामाला येतो. डब्याचा रंगाने लिहिलेला क्रमांक दाखवला की त्याला दुसरं काही सांगावं लागत नाही, कारण शंटिंगचा कागदही त्याच क्रमांकावर चालतो.

सामानाकडे या वेळी जास्त लक्ष द्या. मूळ गाडी गेली, टीसी तिच्याबरोबर गेला, डबा अर्धा झोपलेला आणि दारं उघडी. चोरट्याला आणखी काय हवं? दोन्ही दारं आतून लावून घ्या आणि बॅगेला साखळी असू द्या.

आणि हो, शेजारी कुणी गाढ झोपला असेल तर चाळीसगावच्या आधी एकदा विचारा, ‘काका, कुठं जायचंय?’ भुसावळ-जळगावचा माणूस रिकामी जागा बघून धुळ्याच्या डब्यात आडवा झालेला असतो. त्याला वेळेत उठवलं नाही तर सकाळी त्याला शिरूडची शेतं दिसतात.

फाट्यावरचा प्रवास

डबा पॅसेंजरला लागला की तुमच्या आरक्षणाचा रुबाब संपला असं समजा. कागदावर डबा आरक्षित असतो, पण फाट्यावर अप-डाउन करणारे विद्यार्थी, दूधवाले, कोर्टाच्या तारखेला निघालेली मंडळी याच डब्यात चढतात, कारण त्यांच्यासाठी ती रोजची पॅसेंजर. त्यांच्याशी नियमावर वाद घालण्यात अर्थ नाही. चाळीसगावला डबा उभा असतानाच बर्थ गुंडाळून घ्या, सामान पायाशी ओढा आणि चौघांना जागा द्या. तासा-दीड तासाचा प्रश्न असतो.

परतीचा प्रवास जास्त कठीण

येताना मूळ गाडीला उशीर झाला तर फाट्यावरची गाडी बहुधा थांबते, कारण डबे लागल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. परतीच्या वेळी उलट होतं. धुळ्याहून पॅसेंजर वेळेवर चाळीसगावला येते, डबा तोडून बाजूला उभा करतात आणि उत्तरेकडून येणारी मोठी गाडी चार तास लेट असते. मग चार तास त्याच डब्यात. म्हणून निघण्याआधी मूळ गाडीची स्थिती पाहून घ्या. खूपच लेट असेल तर पाणी, खाणं आणि भरलेली पॉवर बँक यांची तयारी ठेवा. उन्हाळ्यात बाजूच्या रुळावर उभा असलेला पत्र्याचा डबा दुपारी तापतो. त्यापेक्षा प्लॅटफॉर्मवरच्या प्रतीक्षालयात बसणं चांगलं, पण कुणीतरी एकाने डब्यावर नजर ठेवायला हवी आणि मोठी गाडी आधीच्या स्टेशनवरून सुटली की सगळ्यांनी डब्यात.

जळगाव, पाचोरा किंवा भुसावळहून मुंबईला जाणाऱ्यांनी यात एक लक्षात ठेवावं. चाळीसगावच्या आधी गाडीला धुळ्याचा डबा नसतोच. इंडिकेटरवर तो डबा दिसत नाही म्हणून गोंधळू नये, आणि चाळीसगावला गाडीच्या टोकाला नवीन डबे लागल्यावर आपल्या डब्याची जागा बदलली असं समजू नये. मात्र पुढे दादर-ठाण्याला तुम्हाला घ्यायला येणाऱ्याने इंजिनाकडून डबे मोजत आपला डबा शोधायचं ठरवलं असेल, तर डबे पुढच्या टोकाला लागल्यावर त्याचा हिशोब चुकेल. त्याला डब्याचा संकेत सांगा.

डबा लागलाच नाही तर

असंही होतं. तपासणीत डब्याच्या चाकात, ब्रेकमध्ये किंवा स्प्रिंगमध्ये दोष निघाला की तो ‘सिक’ ठरवतात, म्हणजे दुरुस्तीसाठी बाजूला. बाहेरून पाहणाऱ्याला डबा धडधाकट दिसतो, पण त्याच्यावर खडूने किंवा पाटीने खूण केलेली असते. दुसरा डबा मिळाला तर तो लावतात, नाहीतर प्रवाशांना मूळ गाडीत जंक्शनपर्यंत सामावून घेतात आणि पुढे फाट्यावरच्या गाडीने जायला सांगतात.

अशा वेळी सुटायच्या स्टेशनवरच टीसीला गाठा आणि तुमचं तिकीट शेवटच्या स्टेशनपर्यंतचं आहे हे दाखवा. तोंडी ‘बसा कुठेही’ यावर समाधान मानू नका, कोणत्या डब्यात कोणता बर्थ ते तिकिटावर लिहून घ्या, कारण पुढे टीसी बदलतो. चाळीसगावला उतरल्यावर त्याच तिकिटावर धुळ्याच्या गाडीत बसता येतं का हेही त्याच्याकडूनच विचारून ठेवा. कुणी दाद देत नसेल तर १३९ वर फोन करा आणि तक्रार सांगताना तिकिटावरचा गाडी क्रमांक, मूळ गाडीचा क्रमांक आणि डब्याचा संकेत असे तिन्ही सांगा. एकच क्रमांक सांगितला तर पलीकडचा माणूस भलत्याच गाडीत तुमचा डबा शोधत बसतो.